१०० रुपयांचं पेट्रोल, त्यातले ३३ रुपयेच कामाला! बाकीचे पैसे इंजिन नेमके कुठे घालवतं?

पंपावर १०० रुपयांचं पेट्रोल टाकलं की त्यातल्या साधारण ३३ रुपयांचंच इंजिन फिरवण्याचं काम होतं. उरलेल्यातले साधारण निम्मे सायलेन्सरमधून गरम धूर होऊन बाहेर पडतात आणि निम्मे रेडिएटरची हवा तापवतात.

हे ऐकल्यावर बहुतेकांना दोनपैकी एक गोष्ट वाटते. एक तर पेट्रोल नीट जळत नसणार, किंवा कंपन्यांना चांगलं इंजिन बनवता येत नसणार. याच समजावर "इंधनाच्या नळीला चुंबक लावा, मायलेज ३० टक्के वाढवा" असे व्हिडिओ चालतात. पण खरं कारण वेगळं आहे. ते उष्णतेच्या स्वभावात आहे, आणि ते लक्षात आलं की असल्या जाहिराती का फसव्या असतात हेही आपोआप कळतं.

आधी हिशोब: एका लिटरमध्ये असतं किती?

एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. विजेच्या बिलातल्या भाषेत सांगायचं तर जवळपास ९ युनिट. (पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये हा आकडा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतो, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते. इथे हिशोब सोपा ठेवण्यासाठी निव्वळ पेट्रोल धरलं आहे.)

आता गाडी चालवायला किती लागतं ते बघा. माणसांसकट ११०० किलो वजनाची एक छोटी कार सपाट हायवेवर ताशी ८० किलोमीटरने जाते आहे. तिला अडवणाऱ्या गोष्टी दोन: समोरची हवा आणि टायरचं रस्त्याशी होणारं घर्षण. दोन्ही मिळून अडवणारा जोर साधारण ३०० न्यूटन, म्हणजे ३० किलोचं पोतं उचलून धरायला लागेल तेवढाच. एवढ्या जोराविरुद्ध एक किलोमीटर जायला एका युनिटचा बारावा भाग पुरतो.

म्हणजे एका युनिटमध्ये १२ किलोमीटर आणि ९ युनिटमध्ये १०० किलोमीटरच्या वर. पेट्रोलची सगळी ऊर्जा चाकापर्यंत पोहोचली असती, तर या कारने लिटरला १०० चं ॲव्हरेज दिलं असतं. प्रत्यक्षात अशी कार या वेगाला २०-२२ देते. मग बाकीच्या किलोमीटरांचं काय झालं?

पेट्रोल जळतं, जवळजवळ सगळं

पहिली शंका इथेच दूर करूया. गरम झालेल्या आणि नीट चालणाऱ्या इंजिनात ९५ टक्क्यांहून जास्त इंधन सिलिंडरमध्येच जळतं.

याचा पुरावा गाडीतच आहे. स्पार्क प्लग खराब झाला की एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर पडतं आणि पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं. तो इतका तापतो की आतून वितळून खराब होऊ शकतो. म्हणूनच असं झालं की डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा नुसता लागत नाही, तो लुकलुकतो. म्हणजे ताबडतोब थांबा. रोजच दोन तृतीयांश पेट्रोल न जळता जात असतं, तर एकही कन्व्हर्टर महिनाभर टिकला नसता.

त्यामुळे "इंधन पूर्ण जाळून" मायलेज ३० टक्के वाढवण्याचा दावा करणाऱ्या चुंबकाकडे, गोळीकडे किंवा किटकडे वाचवण्यासारखं काही उरतच नाही. उष्णता पूर्ण निर्माण झालेली असते. अडचण त्यानंतर सुरू होते.

उष्णतेला काम करायला लावण्याची फी

१८२४ साली पॅरिसमध्ये सादी कार्नो नावाच्या २८ वर्षांच्या फ्रेंच इंजिनिअरने एक छोटं पुस्तक छापलं. तेव्हाची वाफेची इंजिनं कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम काही टक्के भाग कामाला लावायची. कार्नोचा प्रश्न होता: हे सुधारत गेलं तर शेवट कुठे होईल? याला काही मर्यादा आहे का?

त्याचं उत्तर समजायला एकच सिलिंडर डोळ्यांसमोर आणा. आत गरम वायू आहे. तो पिस्टनला ढकलतो आणि काम होतं. पण इंजिन एकदा ढकलून थांबत नाही. पुन्हा ढकलायचं तर पिस्टन आधी मागे यायला हवा. आतला वायू अजून तेवढाच गरम असेल तर तो मागे येणाऱ्या पिस्टनला तेवढ्याच जोराने विरोध करेल. जे कमावलं ते सगळं परत जाईल, हातात शून्य.

फायदा तेव्हाच होतो, जेव्हा गरम वायू ढकलतो आणि परतीच्या वेळी थंड वायू दाबावा लागतो. म्हणजे मधे कधीतरी वायूतली उष्णता बाहेर टाकावीच लागते. कारमध्ये हे गरम वायू सायलेन्सरमधून फेकून आणि नवी थंड हवा आत घेऊन होतं. ही फेकलेली उष्णता इंजिनच्या दोषामुळे जात नाही. उष्णतेकडून काम करून घेण्याची ती फी आहे, आणि ती न भरता इंजिन दुसरा फेरा मारूच शकत नाही.

फी किती?

कार्नोने उष्णतेची तुलना पडणाऱ्या पाण्याशी केली होती. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीला खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि पुढे वाशिष्ठी नदीत जातं. वीज पडण्याच्या उंचीतून मिळते. पण पाणी समुद्रसपाटीच्या खाली पडू शकत नाही. समुद्राखाली आणखी कितीही खोली असली तरी तिचा उपयोग नाही.

उष्णतेचंही तसंच आहे. तिची खरी "तळाची पातळी" म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस. पण आपल्या भोवतीची हवा २७ अंशांची आहे, म्हणजे त्या तळापासून ३०० अंश वर. उष्णता आजूबाजूच्या हवेच्या खाली "पडू" शकत नाही, त्यामुळे शेवटच्या ३०० अंशांची उंची फुकट जाते.

(तुलना इथपर्यंतच धरायची. पाणी खाली आल्यावर जेवढं होतं तेवढंच असतं. उष्णतेचा मात्र एक भाग खरोखर कामात बदलतो, त्यामुळे खाली पोहोचणारी उष्णता कमी असते.)

पेट्रोल पेटल्यावर सिलिंडरमधलं तापमान क्षणभर साधारण २२०० अंशांपर्यंत जातं. तळापासून मोजलं तर जवळपास २५००. त्यातले खालचे ३०० वाया, म्हणजे १२ टक्के. उरले ८८ टक्के.

इथे एक महत्त्वाची गोष्ट कळते. "कार्नोच्या नियमामुळे गाडी ३३ टक्क्यांवर अडकते" असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं, पण ते अर्धवट आहे. नियमाप्रमाणे फी फक्त १२ टक्के निघते. मग ८८ वरून ३३ वर घसरण कशी होते?

गरम वायूला मधेच बाहेर काढावं लागतं

२२०० अंशांची सगळी उष्णता वसूल करायची, तर वायूला पसरायला इतकी जागा द्यायला हवी की पसरता पसरता तो बाहेरच्या हवेइतका थंड होईल. कारच्या सिलिंडरमध्ये तेवढी जागा नसते.

१२०० सीसीचं, चार सिलिंडरचं साधं इंजिन घ्या. प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन तळाला असताना साधारण ३३३ सीसी जागा असते आणि वर असताना ३३ सीसी. दहास एक. यालाच कॉम्प्रेशन रेशो १० म्हणतात.

हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दहापट दाबलं जातं तेव्हाच ते सुमारे ४०० अंशांपर्यंत तापतं. मग ठिणगी पडते, तापमान २२०० अंशांपर्यंत आणि दाब बाहेरच्या हवेच्या ५०-६० पट जातो. वायू पिस्टनला खाली ढकलत पसरतो आणि पसरताना थंड होतो. पण दहापट पसरला की पिस्टन तळाला टेकतो. त्या वेळी वायू अजून हजार अंशांच्या आसपास असतो आणि त्याचा दाबही बाहेरच्या हवेच्या तीन-चार पट असतो. तेवढ्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि हा दाब "फट्" करून निसटतो.

सायलेन्सर काढलेल्या बुलेटचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला आहे. तो आवाज म्हणजे पिस्टनला ढकलू शकला असता, पण ज्याला ढकलायला जागाच उरली नाही, असा दाब. आणि सायलेन्सरला पाय लागून बसणारा चटका म्हणजे न वापरलेली उष्णता.

दहापट पसरणाऱ्या आदर्श इंजिनाचं गणित मांडलं तर उत्तर येतं ६० टक्के. त्यातही हा आकडा हवा कायम साध्या हवेसारखी वागते असं धरून काढलेला आहे. दोन हजार अंशांना वायूच्या रेणूंचं वागणं बदलतं. उष्णतेचा बराच भाग रेणूंच्या आतल्या कंपनांमध्ये अडकतो, तेवढा दाब वाढत नाही. ते धरलं की आकडा ५० च्याही थोडा खाली येतो. आणि अजून घर्षण धरलेलंच नाही.

मग दहापट ऐवजी वीसपट का दाबत नाहीत?

जितकं जास्त दाबाल तितकं जास्त पसरायला मिळेल आणि फायदा वाढेल हे खरं आहे. अडचण पेट्रोलची आहे.

मिश्रण जास्त दाबलं की ते जास्त तापतं. ठिणगी पडून ज्योत एका बाजूने पसरत असताना दुसऱ्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप, एकदम पेटतं. त्या झटक्याने सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आपटतात. यालाच नॉकिंग म्हणतात. घाटात वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर बोनेटमधून डब्यात खडे वाजवल्यासारखा "टिक-टिक-टिक" आवाज येतो, तो हाच. बराच काळ चालू राहिला तर पिस्टन फुटतो. नव्या गाड्यांमध्ये नॉक सेन्सर आवाज ओळखून ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि मायलेज थोडं कमी होतं.

पेट्रोलचा ऑक्टेन नंबर म्हणजे अशा आपोआप पेटण्याला त्याचा विरोध किती, याचं माप. म्हणून जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल त्याच गाडीला उपयोगी पडतं, जिचं इंजिन त्याचा फायदा घेण्यासाठी बनवलेलं आहे. त्या पेट्रोलमध्ये जास्त ऊर्जा नसते.

डिझेल इंजिनात आधी फक्त हवा दाबतात आणि डिझेल नंतर सोडतात, त्यामुळे नॉकिंगची ही मर्यादा तिथे नाही. तिथे रेशो १५ च्या पुढे नेता येतो. डिझेल गाडी जास्त ॲव्हरेज देते त्यामागे हे मोठं कारण आहे.

रेडिएटर हा दोष नाही, नाइलाज आहे

आता रेडिएटरकडे जाणारा भाग. आत २२०० अंशांचा वायू आणि भोवती ॲल्युमिनियम, जे ६६० अंशांना वितळतं. पिस्टनभोवतीचं ऑइल तर त्याच्या कितीतरी आधी जळून जाईल. त्यामुळे भिंती थंड ठेवाव्याच लागतात, आणि थंड भिंत म्हणजे गरम वायूमधून सतत बाहेर झिरपणारी उष्णता. त्यात पिस्टन रिंग आणि बेअरिंगचं घर्षण मिळवा. तेही शेवटी उष्णता होऊन कूलंट आणि ऑइलमध्येच जातं.

इथे आपल्याकडच्या एका चुकीच्या सवयीचा उलगडा होतो. गाडी गरम होते अशी तक्रार आली की काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकतात. "इंजिन जितकं थंड तितकं चांगलं" असा त्यामागचा समज. पण थर्मोस्टॅटचं कामच कूलंट साधारण ८०-९० अंशांपर्यंत तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणं हे आहे. तो काढला की भिंती थंड राहतात, जास्त उष्णता झिरपते, ऑइल जाड राहून घर्षण वाढतं आणि इंजिन अजून थंडच आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. टेम्परेचरचा काटा पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवूनही खालीच राहत असेल आणि मायलेज पडलं असेल, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकला आहे, हे आधी तपासून घ्यावं.

हे सगळं वजा केलं की आजच्या चांगल्या पेट्रोल इंजिनाच्या शाफ्टवर उरतात साधारण ३३ ते ३५ टक्के. शंभरातले तेहतीस रुपये ते हेच.

पण वरच्या कारला तर पाचवा हिस्साच मिळाला!

सुरुवातीच्या हिशोबाकडे परत जाऊ. कार लिटरला २२ किलोमीटर गेली. किलोमीटरला एका युनिटचा बारावा भाग धरला तर चाकांनी साधारण १.८ युनिट वापरले. ९ पैकी १.८ म्हणजे फक्त २० टक्के. मग एक तृतीयांश कुठे गेला?

एक तृतीयांश हा इंजिनाचा सगळ्यात चांगला आकडा आहे. तो मध्यम आरपीएमला आणि बऱ्यापैकी ओझं असताना मिळतो. ताशी ८० ने सपाट रस्त्यावर जायला या कारला फक्त ९ हॉर्सपॉवर लागतात, आणि इंजिन असतं ८० चं. म्हणजे ते जवळजवळ रिकामंच चाललेलं असतं. कमी ताकद हवी म्हणून थ्रॉटल अर्धवट बंद असतो आणि पिस्टनला त्या अरुंद वाटेतून हवा ओढावी लागते. स्ट्रॉ चिमटीत धरून ताक प्यायल्यासारखं. आणि घर्षण मात्र काम थोडं असलं तरी फारसं कमी होत नाही. शिवाय गिअरबॉक्स आणि अल्टरनेटर आपापला वाटा घेतात. एसी लावला तर तो वेगळाच.

शहरात हे आणखी खाली जातं. सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीचा हिशोब तर अगदी सोपा आहे: पेट्रोल जळतंय आणि चाकापर्यंत पोहोचतंय शून्य टक्के.

हायब्रिड गाड्या काय वेगळं करतात?

इथपर्यंतच्या दोन अडचणी लक्षात ठेवा: वायूला पसरायला जागा कमी पडते आणि इंजिन बहुतेक वेळ रिकामं चालतं. स्ट्राँग हायब्रिड गाड्या या दोन्हींवर उपाय करतात.

पहिल्या अडचणीवरचा उपाय जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज इंजिनिअरने १८८० च्या दशकातच सुचवला होता: दाबायचं कमी, पसरू द्यायचं जास्त. आजच्या हायब्रिडमध्ये इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद करतात. आत आलेलं थोडं मिश्रण परत बाहेर जातं, उरलेलं नॉकिंग न होण्याइतकंच दाबलं जातं, पण पेटल्यावर त्याला पसरायला १३ पट जागा मिळते. टोयोटा प्रियसच्या २०१५ च्या पिढीत असं करून इंजिन ४० टक्क्यांपर्यंत पोहोचलं. याची किंमत म्हणजे त्याच आकाराच्या इंजिनाची ताकद कमी होते. ती उणीव इलेक्ट्रिक मोटर भरून काढते. आणि ओझं कमी असताना इंजिन बंदच ठेवून मोटरवर गाडी चालवल्याने दुसरी अडचणही सुटते. म्हणूनच हायब्रिडचा मोठा फायदा हायवेपेक्षा शहराच्या ट्रॅफिकमध्ये दिसतो.

याच्याही पुढे जाता येतं, पण चढ फार उभा आहे. मर्सिडीजने २०१७ मध्ये आपल्या फॉर्म्युला वन इंजिनाने चाचणीत ५० टक्क्यांचा टप्पा ओलांडल्याचं जाहीर केलं. त्यात एक्झॉस्टचा निसटणारा दाब टर्बाइनवर घेऊन त्यातूनही वीज काढत होते. रोजच्या कारला ती यंत्रणा परवडणारी नाही.

मग इलेक्ट्रिक गाडीला ही फी लागत नाही का?

गाडीत लागत नाही. मोटर उष्णतेपासून काम काढत नाही, विजेपासून काढते, म्हणून ती ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकाकडे पाठवू शकते.

पण ती वीज कोळशाची असेल तर फी आधीच दुसरीकडे भरलेली असते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातही उष्णतेपासूनच काम काढतात, आणि अशा केंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज होतो. तिथल्या कूलिंग टॉवरमधून वर जाणारे वाफेचे पांढरे ढग म्हणजे तीच फी, जी पेट्रोल गाडी आपल्या रेडिएटर आणि सायलेन्सरमधून भरते. सौर, पवन किंवा कोयनेच्या पाण्यापासून आलेल्या विजेला मात्र ही फी लागत नाही, कारण तिथे मधे उष्णतेचं इंजिन येतच नाही.